तिळाभोवतीचं पांढरं कडं

"डॉक्टर, मुलीच्या पाठीवर लहानपणापासून एक तीळ आहे. आता त्याच्याभोवती पांढरं कडं उमटलंय. हा कॅन्सर तर नसेल? की कोड फुटायला लागलंय?"

बहुतेक वेळा दोन्ही नाही. तीळ चहूबाजूंनी सारखा असेल, कडंही सगळीकडे साधारण एकाच रुंदीचं असेल आणि वय शाळा-कॉलेजचं असेल, तर मी आईवडिलांना शांतपणे बसवून सांगते की तुमच्या मुलीच्या शरीराने एका निरुपद्रवी तिळाला हेरलंय आणि ते त्याला हळूहळू पुसून टाकतंय. याला हेलो नेव्हस म्हणतात. सटन नावाच्या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी 1916 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून काही पुस्तकांत सटन नेव्हस असंही नाव सापडतं. शंभरात साधारण एका माणसाला हे कधी ना कधी होतं, आणि त्यातले बहुतेक विशीच्या आतले असतात. जागा बहुधा पाठच.

आता हे कडं येतं कुठून, ते नीट सांगते, कारण धीर याच माहितीतून मिळतो. तीळ म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींच्या भाईबंदांचा एक पुंजका. तो वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि शरीराची संरक्षणव्यवस्था त्याच्याकडे लक्ष देत नाही. मग कधीतरी टी-पेशी, म्हणजे विषाणूने ग्रासलेल्या पेशी मारतात त्या पांढऱ्या पेशी, या तिळातल्या पेशींना परक्या समजायला लागतात आणि तिळाखाली गर्दी करतात. असा तीळ काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर ही गर्दी दाट पट्ट्यासारखी दिसते. तिळातल्या पेशींवर जी प्रथिनं असतात, तीच आजूबाजूच्या साध्या त्वचेतल्या रंगपेशींवरही असतात. त्यामुळे शेजारच्या रंगपेशीही मारल्या जातात आणि चंद्राला खळं पडावं तसं तिळाभोवती पांढरं वर्तुळ उमटतं. त्या वर्तुळात रंगपेशी उरत नाहीत, पण बाकीची त्वचा शाबूत असते. तिथे स्पर्श कळतो, घाम येतो, आग होत नाही, पापुद्रे सुटत नाहीत. आपल्याकडे पांढुरका डाग दिसला की कुष्ठरोगाची धास्तीही वाटते, म्हणून हे मुद्दाम सांगते: या कड्यात संवेदना पूर्ण असते.

सारखेपणाला मी एवढं महत्त्व देते, त्यालाही कारण आहे. साध्या तिळातल्या पेशी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बहुतांशी एकाच जातीच्या असतात. त्यामुळे हल्ला झाला की तो सगळीकडे जवळपास सारखा होतो, कडं गोल येतं आणि तीळही सगळीकडून एकसारखा फिकटतो. मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कॅन्सर, तसा नसतो. त्याच्या पेशी बदलत गेलेल्या असतात, काही मारल्या जातात, काही निसटतात. म्हणून तिथे पांढरेपणा आला तर तो वेडावाकडा येतो: एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला नाहीच. पुष्कळदा तो डागाच्या भोवती नसून डागाच्या आतच असतो, एखादा कोपरा पांढुरका किंवा निळसर-राखाडी झालेला. कडं बाहेर आहे की आत, आणि ते सारखं आहे की नाही, हे दोन प्रश्न मी सगळ्यात आधी बघते.

एका मुलीचं उदाहरण देते, ओळख पटेल असे तपशील वगळून. वय तेरा, रोज पोहायला जाणारी. पाठीवरचा तीळ जुना होता, पण मे महिन्यात आजूबाजूची कातडी रापली आणि कडं एकदम उठून दिसलं. आपल्या सावळ्या-गव्हाळ रंगावर ते फार चटकन डोळ्यांत भरतं. तीळ 4 मिलिमीटरचा, गोल, एकाच तपकिरी छटेचा. भोवतीचं कडं सगळीकडे साधारण 4 मिलिमीटर रुंद. डर्मोस्कोपखाली, म्हणजे प्रकाश असलेल्या भिंगाखाली, तिळात तपकिरी ठिपके समान पसरलेले दिसले. मग अंधाऱ्या खोलीत वुड्स लॅम्पच्या जांभळट प्रकाशात सगळं अंग तपासलं. कोड जिथे हमखास सुरू होतं त्या जागा, म्हणजे डोळ्यांभोवती, ओठांच्या कडा, बोटं, कोपरं, गुडघे, कमरेचा नाडीचा पट्टा, सगळीकडे रंग जागेवर होता. पोटावर मात्र आणखी एका तिळाभोवती पुसटसं कडं सापडलं, जे घरात कोणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. एकापेक्षा जास्त तिळांना कडं येणं यात नेहमीचं आहे, म्हणून मी एकाच जागेवर कधी थांबत नाही.

घरच्यांनी तोवर दोन उपाय सुरू करायचे ठरवले होते. मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब, आणि आजीने सुचवलेलं बावचीचं तेल. दोन्ही मी थांबवलं. अशा ट्यूबांमध्ये बहुधा जोरकस स्टेरॉइड बुरशीच्या औषधात मिसळलेलं असतं. ते आठवडेच्या आठवडे लावलं की कातडी पातळ होते, स्वतःच फिकट पडते, आणि मग खरं कडं किती आणि मलमाने पडलेला फिकटपणा किती, हे तपासणाऱ्यालाही सांगता येत नाही. बावचीमध्ये सोरालेन असतं. ते लावून उन्हात गेलं की कातडी भाजते, फोड येतात, आणि कधीकधी त्या भाजलेल्या जागी नवीन पांढरा डाग उठतो. ज्याची भीती, तेच हाताने ओढवून घेतलं जातं. चुना लावून तीळ जाळणं तर कधीच करू नका. तिळाचा तपासण्याजोगा भागच नष्ट होतो.

तिच्यासाठी मी सांगितलं ते एवढंच: दर तीन महिन्यांनी एक फोटो. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी शाळेची पट्टी धरून. आणि कड्यावर सनस्क्रीन, कारण तिथे मेलॅनिन नसल्याने ऊन थेट भाजतं. पोहताना पाठ झाकणारा पोशाख त्याहून बरा.

सहा-सात महिन्यांनी आईवडील धावत आले. तिळाचा रंग बदलला होता, आणि तिळाचा रंग बदलला की डॉक्टर गाठा असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते आले हे योग्यच केलं. तीळ तपकिरीचा गुलाबी झाला होता, पण सगळाच्या सगळा, एकसारखा. हेलो नेव्हसमध्ये हे अपेक्षितच आहे. रंगपेशी संपत जातात तसा तीळ गुलाबी, मग चपटा होत जातो. दोनेक वर्षांत तो दिसेनासा झाला आणि सपाट पांढरा ठिपका उरला. त्यानंतर कडेकडेने रंग परतायला लागला. प्रत्येकात हा क्रम पूर्ण होतोच असं नाही. काहींचा तीळ तसाच राहतो, काहींचं पांढरं वर्तुळ दहा वर्षंही टिकतं. त्याने धोका वाढत नाही. मी सावध होते ती उलट दिशेच्या बदलाने: तिळाचा एखादा भाग जास्त काळा किंवा निळा होणं, कडेला फाटा फुटणं, गाठ वर येणं, आपोआप रक्त येणं.

कोडाचा प्रश्न मी टाळत नाही, कारण आपल्या घरांत कॅन्सरपेक्षा हीच भीती मोठी असते, आणि मुलीची आई तो प्रश्न पुष्कळदा मुलीला बाहेर पाठवून मग विचारते. दोन्हींचं नातं खरं आहे. दोन्हीकडे टी-पेशी रंगपेशींवर उठतात, आणि कोड असलेल्या मुलांमध्ये असे कडंवाले तीळ इतरांपेक्षा जास्त दिसतात. पण उलट बाजूने पाहिलं तर चित्र बरंच सौम्य आहे: एखादंच कडं असलेल्या बहुतेक मुलांना पुढे कोड होत नाही. कडंवाले तीळ तीन-चार किंवा जास्त असतील, घरात कोणाला कोड असेल, किंवा खरचटलेल्या जागी पांढरेपणा येत असेल, तर शक्यता वाढते. अशा मुलांना मी वर्षातून एकदा तरी बोलावते आणि थायरॉइडची लक्षणं विचारते, कारण कोड आणि थायरॉइडचा त्रास पुष्कळदा जोडीने दिसतात. नवा डाग लवकर सापडला तर कोडावर उपचार चांगले लागू पडतात. या मुलीच्या घरात कोड कोणालाच नव्हतं, पण आत्या थायरॉइडची गोळी घेत होती, म्हणून या मुलीलाही वार्षिक तपासणी सांगितली.

हेच कडं पंचेचाळिशीच्या माणसात पहिल्यांदा उमटलं तर मात्र माझा सूर बदलतो. तेव्हाही तीळ साधाच निघण्याची शक्यता मोठी असते. पण शरीर दुसरीकडे कुठेतरी दडलेल्या मेलानोमावर चवताळलेलं असू शकतं, आणि प्रथिनं सारखी असल्याने साधा तीळही त्या माऱ्यात सापडतो. मेलानोमावर इम्युनोथेरपी घेणाऱ्या रुग्णांमध्ये हे घडताना दिसतं: संरक्षणव्यवस्था जागी केली की काहींच्या साध्या तिळांभोवतीही पांढरी कडी येतात. म्हणून मोठ्या वयात मी डोक्यापासून पायापर्यंत तपासते. आपल्या लोकांत मेलानोमा कमी, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. तेव्हा मोजे काढायला लावते, तोंडात बघते, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करून पडदा तपासायला पाठवते.

तीळ काढायचाच झाला, म्हणजे तो वेडावाकडा असेल किंवा कडं एका बाजूलाच असेल, तर तो अख्खा काढावा, तुकडा नाही. आणि तपासणीच्या चिठ्ठीवर "भोवती पांढरं कडं होतं, रुग्णाचं वय इतकं" हे लिहावंच, जमलं तर फोटो जोडावा. टी-पेशींच्या माऱ्यात साध्या तिळाच्या पेशीही सूक्ष्मदर्शकाखाली विस्कटलेल्या आणि संशयास्पद दिसतात. पॅथॉलॉजिस्टला कड्याची कल्पना नसेल तर निरुपद्रवी तिळावरही कॅन्सरचा शेरा बसू शकतो, आणि मग त्या मुलावर नको ती मोठी शस्त्रक्रिया होते.

"मग तीळ काढला की कडं जाईल का?" हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. त्याची खात्री देता येत नाही, म्हणून फक्त दिसण्यासाठी मी काढत नाही. शिवाय पाठीवर आणि छातीवर आपल्या त्वचेत टाक्यांचा व्रण जाड, उंच होण्याची प्रवृत्ती असते. असा व्रण कड्यापेक्षा जास्त नजरेत येतो, खाजतो, आणि त्यावर वर्षभर इंजेक्शनं घेत बसावं लागतं.