साठीचे काका, एकसष्टीचा फॅक्टर

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळच्या आमच्या कार्यालयात पेन्शनच्या केसेस महालेखापालांकडे जाण्याआधी माझ्या टेबलावरून जातात. गेल्या ऑगस्टमध्ये आमच्याच शिपाईकाकांची केस आली. गट ड, म्हणजे निवृत्ती साठाव्या वर्षी. जन्मतारीख १४ सप्टेंबर, निवृत्ती ३० सप्टेंबरला.

मूळ पेन्शन १८,२५०. काकांनी पूर्ण ४० टक्के कम्युटेशन मागितलं होतं, म्हणजे पेन्शनमधले महिना ७,३०० एकरकमी पैशांच्या बदल्यात विकायचे आणि दरमहा १०,९५० घ्यायचे. मी वजाबाकी केली, जुळली. टिकमार्क केला. हीच माझी चूक.

वजाबाकीतून एवढंच कळतं की ४० टक्के बरोबर काढलेत. एकरकमी रक्कम त्याच ७,३०० ला बाराने आणि मग तक्त्यात वयासमोर दिलेल्या फॅक्टरने गुणून येते. फॅक्टर चुकला तरी १०,९५० ला धक्का लागत नाही. नवीन लिपिकाने रक्कम लावली होती ७,२५,९४१.

लखोटा बंद करताना, का कोण जाणे, उलटा भागाकार केला. ७,३०० गुणिले १२ म्हणजे ८७,६००. रकमेला त्याने भागलं तर आलं ८.२८७. तक्ता उघडला. ८.२८७ साठसमोर आहे. पण त्या रकान्यातलं वय चालू वय नसतं, पुढच्या वाढदिवसाला पूर्ण होणारं असतं. काकांचा साठावा वाढदिवस निवृत्तीआधीच होऊन जाणार, म्हणजे पुढचा एकसष्टावा. फॅक्टर ८.१९४. रक्कम ७,१७,७९४. फरक जवळजवळ ८,१४७ रुपयांचा. तसंच गेलं असतं तर एक तर केस आक्षेप लागून परत आली असती, नाहीतर पुढे कधीतरी वसुली.

लिपिकाला बोलले नाही. तक्त्याच्या झेरॉक्सवर रकान्याचं शीर्षकच कापलं गेलं होतं, आणि ती झेरॉक्स आमच्याकडे किती वर्षं फिरतेय देव जाणे. पण त्याने काकांना आकडा आधीच सांगून टाकला होता, त्याचा मात्र राग आला. मंजूर न झालेला आकडा माणसाला सांगायचा नसतो, तो घरी जाऊन खर्च होतो.

काकांना बसवून सांगितलं. महागाई वाढ पूर्ण १८,२५० वर मिळेल, विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत सुरू होईल, हेही सांगितलं. ते ऐकत होते की नाही, कळलं नाही.

"पण मॅडम, मी साठचाच ना? मग कागदावर एकसष्टचा कसा?"

मी तक्त्यावर बोट ठेवून पुन्हा समजावलं. काकांनी खिशातून घडी घातलेली चिठ्ठी काढली. त्यावर ७,२५,९४१, आणि खाली लेकीचं नाव, छताचे पत्रे, सोसायटीचं कर्ज.

"पेन द्या जरा," म्हणाले, आणि पत्र्यांसमोरचा आकडा खोडला.