सभामंडपातला पखवाज: शेवटच्या थापेची शेपूट सुरुवातीला का आली

घरी वाजवलेला पखवाज देवळाच्या सभामंडपात वाजल्यासारखा ऐकू यावा, म्हणून आमच्या गावच्या देवळात, मालवणपासून जवळच, रात्री सभामंडप रिकामा झाल्यावर फुगा फोडून रेकॉर्डिंग केलं. पहिल्या फुग्याला आवाज माईकमध्ये फाटला, म्हणून गेन उतरवून दुसरा फोडला. आवाज फाटला की दुप्पट जोराला दुप्पट उत्तर मिळत नाही, आणि पुढचं सगळं गणित त्याच अटीवर उभं आहे.

मिळालेला 2 सेकंदांचा घुमारा म्हणजे मंडपाचा इम्पल्स रिस्पॉन्स, h. घरी गोधड्या टांगलेल्या खोलीत 10 सेकंद पखवाज वाजवून घेतला, तो x. x चं प्रत्येक सॅम्पल एक बारीकसा फुगाच धरायचा. मंडप प्रत्येकाला त्याच्या जोराच्या प्रमाणात h देतो, एकेक सॅम्पल मागे सरकवून. ही सगळी उत्तरं एकावर एक बेरीज केली की कन्व्होल्यूशन झालं. पण सेकंदाला 48,000 सॅम्पल धरले तर थेट मार्गाने 4,608 कोटी गुणाकार होतात. म्हणून एफएफटीकडे वळलो, म्हणजे दोन्ही आवाज फ्रिक्वेन्सींत मोडून नुसता गुणाकार करायचा आणि परत आणायचं, आणि तिथेच फसलो: पहिली थाप पडते न पडते तोच मागे शेवटच्या थापेचा घुमारा ऐकू येऊ लागला.

कारण कागदावर सापडलं. x = 1, 2, 3 आणि h = 1, 0.5 घ्या. z⁻¹ म्हणजे एका सॅम्पलचा उशीर असं धरलं की h चं ट्रान्सफर फंक्शन 1 + 0.5z⁻¹, x चं रूप 1 + 2z⁻¹ + 3z⁻². शाळेतल्या बहुपदींसारखा गुणाकार केला की सहगुणक येतात 1, 2.5, 4, 1.5. हेच कन्व्होल्यूशनचं उत्तर. पदं चार आहेत. एफएफटी मात्र तीनच लांबीचं घेतलं तर चौथं पद वळसा घालून पहिल्यात मिसळतं: 2.5, 2.5, 4. माझ्या फाइलमध्ये अशी 95,999 सॅम्पल सुरुवातीवर चढली होती.

म्हणून आधी दोघांना शून्यं जोडून लांबी वाढवायची:

```python
n = len(x) + len(h) - 1
N = 1 << (n - 1).bit_length()
Y = np.fft.rfft(x, N) * np.fft.rfft(h, N)
y = np.fft.irfft(Y, N)[:n]
```

इथे n 5,75,999 आणि N 10,48,576. छोट्या तुकड्यावर `np.convolve` शी ताडून पाहिलं, फरक फक्त दशांशाच्या शेवटच्या अंकांतला.

तरी प्रत्येक थापेमागे सुस्कारा राहिला. ती समुद्राची गाज! h च्या शेवटी घुमारा विरल्यावर तीच उरली होती, आणि कन्व्होल्यूशन तिलाही मंडपाचा भाग समजतं. घुमारा गाजेत बुडतो तिथून h हळूहळू शून्यावर आणला, तेव्हा सुस्कारा गेला.

डाव्या पुडीचा खर्ज अजून पातळ वाटतो. फुग्यात खालच्या फ्रिक्वेन्सी कमी असतात, त्यामुळे माझ्याकडे निव्वळ मंडपाचं H, म्हणजे h चं फ्रिक्वेन्सींतलं रूप, नाही, फुग्याच्या स्पेक्ट्रमने गुणलेलं आहे. पुढच्या वेळी ओहोटी बघून स्पीकर नेतो आणि स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणारा सूर, वाजवून h काढतो.