‘मध्ये रेंगाळते’ म्हणजे नेमकं कुठे?

“आमच्या फिल्म शिकणाऱ्या मुलांचा पहिला रफ कट, म्हणजे फिल्मची पहिली कच्ची जुळणी, बघून तुम्ही लिहून नेमकं काय देता? आम्ही लिहिलं की ती एकतर हिरमुसतात, नाहीतर भलतंच कापून आणतात.”

भलतंच कापून माझ्याकडेही आणलं होतं एकाने. 18 मिनिटांची फिल्म. सदाशिव पेठेतला वाडा विकायला आलेला मुलगा, म्हातारे वडील आणि घरात वावरणारी एक बाई. मी लिहिलं होतं, “मध्ये रेंगाळते.” पठ्ठ्याने मधली दोन मिनिटं उडवली. वडील कुलूप लावून पुन्हा पुन्हा ओढून बघतात, तो सुरेख शॉटही त्यातच गेला. फिल्म 16 मिनिटांची झाली आणि आधीपेक्षा लांब वाटायला लागली.

चूक माझी होती. मी पहिला कट परत लावला, या वेळी टाइमकोड बघत, आणि असं लिहिलं: “2:05 ला ती चहा घेऊन येते तेव्हा मला ती कामवाली वाटली. 6:40 ला ती मुलाशी भांडते तेव्हा हा हक्क तिला कुठून आला ते कळेना. 9:10 ला ती ‘बाबा’ म्हणाली तेव्हा उलगडा झाला, ही बहीण. मधली अडीच मिनिटं मी सीन बघतच नव्हतो, ती कोण याचा हिशेब करत होतो. हे कोडं तुला हवंय का?”

शेवटचा प्रश्न खरंच विचारायचा असतो, टोमणा म्हणून नाही. कोडं मुद्दाम घातलेलं असू शकतं. इथे नव्हतं. पटकथा त्यानेच लिहिलेली, त्यामुळे ती बहीण आहे हे त्याला पहिल्या फ्रेमपासून ठाऊक! उपाय मी सुचवला नाही. त्याने रशेस, म्हणजे शूटिंगचं सगळं कच्चं फुटेज, धुंडाळून तिचं “बाबा, चहा” उचललं आणि 2:05 च्या पाठमोऱ्या शॉटवर टाकलं. ओठ दिसत नसल्याने खपून गेलं. कापलेली दोन मिनिटं, कुलपासकट, परत आली आणि कुठेच रेंगाळली नाहीत. कंटाळा येतो एकीकडे, त्याचं कारण बरेचदा बरंच आधी असतं.

तेव्हापासून पहिल्यांदा मी वही मिटून, न थांबता बघतो. संपल्यावर मला कळलेली गोष्ट चार ओळींत लिहितो आणि तीच टिपणाच्या डोक्यावर ठेवतो. दिग्दर्शक तेवढं वाचूनच कपाळाला हात लावतो कधीकधी. मग दुसऱ्या फेरीत टाइमकोड. तो चित्रावरच छापून मागवा, नाहीतर त्याचं 6:40 आणि तुमचं 6:40 जुळत नाही.

रंग, पंख्याची घरघर यावर या टप्प्यावर मी एक ओळही लिहीत नाही. मुलं लगेच तेच दुरुस्त करत बसतात, कारण ते सोपं असतं. तात्पुरतं टाकलेलं संगीत मात्र बंद करून मागतो. उसन्या व्हायोलिनवर कुठलाही सीन चालतो.