तिसरं बोट

बँकेच्या मदत कक्षात मी बसते. त्या दिवशी एक ताई आल्या, हात थरथरत होते. चार रविवारी दुपारी खात्यातून थोडे थोडे पैसे गेले होते, सगळे एकाच गेमच्या नावावर. "पिन मी कुणालाच सांगितलेला नाही हो," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. मला ते खरं वाटलं.

फोन घरात तिघांचा. मी सेटिंगमध्ये फिंगरप्रिंट उघडायला सांगितलं. तीन बोटं नोंदलेली होती. एक त्यांचं, एक यजमानांचं, तिसरं अकरा वर्षांच्या लेकीचं, अभ्यासासाठी फोन उघडता यावा म्हणून. बँकेच्या ॲपमध्येही बोटाने लॉगिन चालू होतं. इथेच घोळ होता. बोट कुणाचं हे ॲपला कळत नाही. फोन फक्त एवढंच सांगतो की नोंदलेल्यांपैकी एक बोट जुळलं. म्हणजे लेकीच्या बोटानेही खातं उघडत होतं.

पण पैसे पाठवायला पिन लागतो, तो कुठून आला? मी विचारलं, "स्क्रीन लॉक आणि बँकेचा पिन एकच आहे का? आकडा सांगू नका, फक्त हो की नाही." ताई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "हो. तिच्या जन्माचं साल."

पिन बरोबर टाकून झालेला व्यवहार बँकेच्या नोंदीत खातेदाराचाच दिसतो, त्यामुळे पैसे परत मिळण्याची आशा फारशी नव्हती. हे सांगताना मला वाईट वाटलं.

मग कामाला लागलो. ॲपमधलं बोटाचं लॉगिन बंद केलं. घरच्यांची बोटं तशीच ठेवली, फोन तर सगळ्यांनाच लागतो. लॉगिनचा पासवर्ड मोठा घ्यायला सांगितला, एकमेकांशी संबंध नसलेल्या चार शब्दांचा. बँकेचा पिन सहा आकड्यांचा होऊ शकत होता. सहा आकड्यांचे दहा लाख पिन होतात, पण तारीख घेतली तर शंभर वर्षांच्या मिळून जेमतेम साडेछत्तीस हजार उरतात. चुकीचा पिन काही वेळा टाकला की पिन अडवला जातो, त्यामुळे परक्याला अंदाज बांधणं अवघड. घरच्या माणसाला मात्र दोन-तीन अंदाज पुरतात, वाढदिवस त्याला पाठच असतात.

परवानग्या पाहिल्या तर त्या गेमला मेसेज वाचायची मुभा होती. ओटीपी मेसेजमध्येच येतो, म्हणून ती काढली. गेम चालूच राहिला, त्याला ती लागतच नव्हती. शिवाय ॲप पिनिंग दाखवलं, म्हणजे एकच ॲप पडद्यावर अडकवून ठेवायचं. अभ्यासाचं ॲप पिन करून फोन दिला की लॉक टाकल्याशिवाय दुसरीकडे जाता येत नाही. त्यासाठी स्क्रीन लॉकही वेगळा केला, लेकीला ठाऊक नसलेला.

नवा पिन टाकायची वेळ आली तेव्हा ताईंनी विचारलं, "शून्याने सुरुवात केली तर चालेल?"

"ते मलासुद्धा सांगायचं नाही, ताई," म्हणत मी खुर्ची भिंतीकडे वळवली.