आरशातील प्रतिमा: लेकीच्या नवोदयच्या तयारीतला माझा अनुभव

माझी मुलगी पाचवीत असताना आम्ही नवोदयच्या प्रवेश परीक्षेची तयारी घरीच केली. परीक्षा दोन तासांची, प्रश्न 80, आणि त्यातले निम्मे म्हणजे 40 मानसिक क्षमता चाचणीचे. सगळे आकृत्यांचे. या 40 प्रश्नांसाठी एक तास, म्हणजे एका आकृतीला जेमतेम दीड मिनिट. वेगळी आकृती ओळखणं, मालिका पूर्ण करणं हे तिला पटकन जमलं. अडली ती आरशातील प्रतिमेवर.

या प्रश्नात डावीकडे एक आकृती असते, तिच्या शेजारी एक रेघ आणि रेघेच्या टोकांना X आणि Y. आरसा या X-Y रेघेवर ठेवला तर प्रतिमा कशी दिसेल, ते चार पर्यायांतून निवडायचं. नुसता बाण किंवा एकच अक्षर असेल तर काही प्रश्न नसतो. पण चौकोन, त्यात कर्ण, एका कोपऱ्यात काळा ठिपका, खाली बाण, बाहेर चिकटलेला त्रिकोण असं सगळं एकत्र आलं की ती पूर्ण आकृती डोळ्यांसमोर उलटी करायला बघायची आणि मध्येच एखादा तुकडा हरवायचा. मग चारही पर्यायांवर बोट ठेवून म्हणायची, "आई, हे पण बरोबरच दिसतंय ना गं?"

म्हणून मी तिला पूर्ण आकृती मनात फिरवूच दिली नाही. आधी फक्त X-Y कडे बघायचं. रेघ उभी असेल तर डावं-उजवं बदलतं, वर-खाली तसंच राहतं. रेघ आडवी असेल तर वर-खाली बदलतं, डावं-उजवं तसंच राहतं. उभी रेघ आकृतीच्या उजवीकडे आहे की डावीकडे, याने प्रतिमेचा आकार बदलत नाही. हे तिला पटेना, तेव्हा टेबलावर आकृती ठेवून खरा आरसा आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला उभा धरून दाखवला. दोन्हीकडे तेच चित्र.

मग एकेक तुकडा धरून पर्याय खोडायचे. ज्या आकृतीवर तिला हे खरं उमगलं ती अशी होती. एक चौकोन. त्यात डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्यात जाणारा कर्ण. वरच्या डाव्या कोपऱ्यात काळा ठिपका. कर्णाच्या खाली, तळाच्या बाजूला, उजवीकडे तोंड केलेला आडवा बाण. चौकोनाच्या बाहेर डाव्या बाजूला चिकटलेला छोटा त्रिकोण, टोक डावीकडे. X-Y रेघ उभी, आकृतीच्या उजवीकडे.

आम्ही सुरुवात त्रिकोणापासून केली, कारण तो बाहेर आहे आणि लगेच दिसतो. रेघ उभी, म्हणजे तो उजवीकडे जाणार. पहिल्या पर्यायात तो डावीकडेच होता, खोडला. (तो पर्याय आडव्या आरशाचा होता, म्हणजे पाण्यातल्या प्रतिबिंबाचा.) मग ठिपका. वर-खाली बदलत नाही, म्हणून ठिपका वरच राहायला हवा. दुसऱ्या पर्यायात तो खाली उजवीकडे होता, तोही खोडला. तिसऱ्या आणि चौथ्यात त्रिकोण, ठिपका, कर्ण सगळं बरोबर. फरक फक्त बाणाच्या तोंडात. मूळ आकृतीत बाण आरशाकडे बघतो, म्हणजे प्रतिमेतही तो आरशाकडेच बघणार. प्रतिमा आरशाच्या पलीकडे, म्हणून बाणाचं तोंड डावीकडे. तिसऱ्यात ते उजवीकडे होतं. उत्तर चौथा.

आरशाजवळचं ते जवळ, लांबचं ते लांब, आरशाकडे बघणारं आरशाकडेच बघतं. हे एवढं धरून ती पुढे बाणांचे प्रश्न भराभर सोडवायला लागली.

तिरक्या रेघेबद्दल मात्र वेगळं सांगावं लागलं, कारण बरीच मुलं कर्णावरूनच उत्तर ठरवतात. उजवीकडे चढणारी तिरकी रेघ उभ्या आरशात डावीकडे चढणारी होते. आडव्या आरशातही नेमकं तेच होतं. वरच्या उदाहरणात पहिल्या, चुकीच्या पर्यायातला कर्णसुद्धा बरोबरच होता! म्हणजे कर्णावरून 180 अंशांत फिरवलेला पर्याय खोडता येतो, कारण त्यात कर्ण मूळसारखाच राहतो. पण आरसा उभा की आडवा, हे नुसत्या कर्णावरून कळत नाही. तिरक्या रेघांनी भरलेल्या भागालाही हेच लागू आहे.

अर्ध्या काळ्या वर्तुळाचंही तसंच. डावा अर्धा काळा असेल तर उभ्या आरशात उजवा काळा होतो. वरचा अर्धा काळा असेल तर काहीच बदलत नाही. अशा न बदलणाऱ्या तुकड्यावर वेळ घालवायचा नाही, फक्त त्याची जागा बघायची.

एकदा सराव पुस्तकातल्या उत्तरसूचीशी आमचं जमेना. आकृती होती त्रिकोणाची: वरच्या टोकाला ठिपका, खाली उजव्या कोपऱ्यात छोटा चौकोन, खाली डाव्या कोपऱ्यात अधिकचं चिन्ह. रेघ आडवी, आकृतीच्या खाली. लेक म्हणाली, ठिपका खाली येईल, पण चौकोन उजवीकडेच राहील. सूचीतल्या उत्तरात चौकोन डावीकडे होता. मी तिला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने नावं घ्यायला लावली. मूळ आकृतीत क्रम येतो ठिपका, चौकोन, अधिक. आरशात हा क्रम उलटा व्हायलाच हवा: ठिपका, अधिक, चौकोन. सूचीतल्या पर्यायात क्रम मूळचाच होता. म्हणजे ती आकृती अर्धा फेरा फिरवलेली होती, प्रतिमा नव्हतीच. त्या आडव्या रेघेवर खरा आरसा धरून बघितलं, लेकीचंच बरोबर निघालं. तिने सूचीवर पेन्सिलने काट मारली आणि मला फार आनंद झाला.

हा क्रम बघणं मला सगळ्यात भरवशाचं वाटतं, कारण फिरवलेला पर्याय हमखास दिलेला असतो आणि घाईत तोच बरोबर वाटतो. पण त्यासाठी आकृतीत तीन तरी वेगळे तुकडे गोलाकार मांडलेले हवेत. दोन ठिपके सारखे असतील किंवा सगळं एका ओळीत असेल तर क्रम कामाला येत नाही, तिथे पुन्हा एकेक तुकडाच धरावा लागतो. शिवाय आरसा उभा होता की आडवा, हेही क्रम सांगत नाही. दोन्हीत तो उलटाच होतो.

घरी पडताळा घ्यायला आम्ही पातळ कागद वापरायचो. आकृती जाड पेनने काढायची आणि कागद खिडकीच्या उजेडात धरून मागून बघायचा. पान पुस्तकाच्या पानासारखं बाजूने उलटलं तर उभ्या आरशाची प्रतिमा, खालची कड वर आणून उलटलं तर आडव्याची. छापील पुस्तकात हे नीट होत नाही, पाठीमागची छपाई मध्ये येते. म्हणून आकृती तिलाच काढायला लावायचे, आणि काढता काढता कुठला तुकडा बदलणार, कुठला नाही, हे ती कागद उलटायच्या आधीच सांगायला लागली होती.