धुरकट कबाब, अंजिराची वडी आणि व्हिस्की : माझा अनुभव

मित्रांसाठी व्हिस्कीसोबत नेहमीच्या चखण्याऐवजी निवडक पदार्थ ठेवायचे ठरवले, तेव्हा मी आधी बाटल्या नक्की केल्या आणि मग त्यांना साजेसे खाणे शोधले. एक होती गोव्यात तयार होणारी पॉल जॉन बोल्ड, जिच्या चवीत पीटचा, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचा, धूर असतो. दुसरी होती स्कॉटलंडची 12 वर्षांची ग्लेनड्रॉनक, जी शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपांत मुरत असल्यामुळे तिला मनुका आणि खजुराची आठवण करून देणारा गोडवा येतो.

तपासण्याची रीत साधी ठेवली. आधी नुसत्या व्हिस्कीचा छोटा घोट, मग पदार्थाचा घास, तो गिळल्यावर पुन्हा घोट. दुसऱ्या घोटात व्हिस्कीची चव हरवली किंवा कडवट झाली, तर ती जोडी बाद.

बोल्डसोबत कोळशावर भाजलेले मटणाचे शीग कबाब उत्तम जमले. खिम्यातली चरबी जिभेवर पसरते, त्यामुळे मद्याची जळजळ कमी जाणवते आणि पीटच्या धुरामागचा माल्टचा गोडवा पुढे येतो. मात्र भाजलेल्या कबाबाला वरून निखाऱ्याचा धुंगारही दिला, तेव्हा तोंडात केवळ काजळीची चव उरली. धूर एकदाच द्यावा, हे माझे ठाम मत आहे. 46 टक्के मद्यार्काच्या 30 मिलिलिटर व्हिस्कीत साधे पाणी 5 मिलिलिटर घातले की तीव्रता सुमारे 39 टक्क्यांवर येते, आणि मसालेदार घासासोबत तेवढी पुरते.

कबाबासोबतची हिरव्या मिरचीची चटणी मात्र मी काढून टाकली, कारण तोंडात तिखटाची आग जाणवून देणारी जी यंत्रणा असते तिलाच मद्यही चेतवते आणि दोन्ही मिळून भडका उडतो. लिंबू पिळलेल्या कांद्याने व्हिस्की पातळ आणि तुरट लागली. त्याऐवजी घट्ट दह्यात थोडे भाजलेले जिरे घालून दिले.

ग्लेनड्रॉनकसाठी साखर न घालता अंजीर, खजूर आणि अक्रोड यांची तुपात परतलेली वडी केली. अक्रोडाच्या सालीचा किंचित तुरटपणा पिंपाच्या लाकडाच्या चवीशी जुळतो. पाकातला गुलाबजाम मात्र अजिबात चालला नाही, कारण पदार्थ व्हिस्कीपेक्षा फार गोड असला की पुढचा घोट कडू आणि कोरडा लागतो.

शेवटी क्रमाचा प्रश्न उरला. पीटचा धूर तोंडात बराच वेळ रेंगाळतो आणि त्यानंतर शेरीच्या पिंपातली नाजूक फळांची चव कळत नाही, म्हणून जेवणाची नेहमीची रीत बाजूला ठेवून मी वडी आणि ग्लेनड्रॉनक आधी दिली आणि कबाब नंतर शेगडीवरून उतरवले.