आंबेनळी घाट उतरताना: ब्रेक वळणाआधीच

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून महाडला दोन बाइकवर गेलो. माझी दीडशे सीसीची, मामेभाऊ ओंकारची सव्वाशे सीसीची. सुरूर फाट्यावरून वाई, पसरणी घाट चढून पाचगणी, महाबळेश्वरला जेवण आणि दुपारी आंबेनळी घाटाने पोलादपूर. महाबळेश्वर ते पोलादपूर अंतर जेमतेम चाळीस किलोमीटर. पण प्रतापगडाच्या पायथ्याच्या वाडा गावात चहाला थांबलो तो वेळ धरून आम्हाला अडीच तास लागले. त्यातला अर्धा तास एकाच वळणावर गेला. या लेखातलं बहुतेक सगळं त्या वळणाबद्दल आहे.

पसरणी घाटात काहीच अडचण आली नव्हती. चढताना चूक झाली तरी चढ सांभाळून घेतो. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गाडी आपोआप मंदावते, ब्रेकला हातही लावावा लागत नाही. तोच हिशोब ओंकारने उतारावर लावला. उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी गाडी तेवढ्याच वेगात पुढे जाते, टॉप गिअरमध्ये असेल तर वेग वाढतोसुद्धा. मग वेग जास्त आहे हे कळतं ते वळणात शिरल्यावर.

वाड्याच्या पुढे पोलादपूरच्या बाजूला उतरताना एक डावं वळण आहे. डाव्या हाताला डोंगर, उजवीकडे कठडा आणि दरी. डोंगर आतल्या बाजूला असल्याने पलीकडचं काही दिसत नाही. पाऊस थांबून आठवडा झाला होता, रस्ता कोरडा होता, पण या वळणावर कपारीतून झिरपणारं पाणी डांबरावरून आडवं वाहत होतं. दोन हात रुंदीचा ओला पट्टा, कडेला हिरवट शेवाळ. मी पुढे होते. आरशात ओंकार दिसला तेव्हा तो चाळिशीच्या वर असावा. तो पट्टा त्याला वळणाच्या मध्यावर दिसला आणि त्याने ब्रेकचं पॅडल दाबलं.

मागचं चाक उजवीकडे सरकलं. घाबरून त्याने पाय काढला, चाकाने पुन्हा पकड घेतली, गाडी झटक्यात उभी झाली आणि सरळ पलीकडच्या बाजूला गेली. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. तो गाडी ढकलत आपल्या बाजूला आणत होता तेवढ्यात खालून खडीचा टेम्पो चढून आला.

"ताई, मी ब्रेक मारला तर गाडी थांबायच्या ऐवजी पळाली कशी?" हा त्याचा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर तिथेच कठड्याशी बसून त्याला दिलं, तेच इथे लिहिते.

टायरची रस्त्यावरची पकड ठरावीक असते. गाडी वळवायची तर ती पकड आडव्या दिशेने वापरली जाते, थांबवायची तर उभ्या दिशेने. दोन्ही एकदम करायचं तर त्याच पकडीतून भागवावं लागतं, वरून काही मिळत नाही. वळायला किती पकड लागते हे वेगाच्या वर्गावर ठरतं. म्हणजे ताशी 30 ऐवजी 40 ने गेलात तर वेग एक-तृतीयांशाने वाढला, पण पकडीची गरज जवळजवळ पावणेदोनपट झाली.

या वळणाची त्रिज्या अंदाजे 20 मीटर धरू. 40 च्या वेगाने ते घ्यायला गाडीच्या वजनाच्या साधारण 63 टक्के इतका आडवा जोर लागतो. चांगल्या कोरड्या डांबरावर टायर 70 टक्क्यांच्या आसपास देतो, म्हणजे वळण निघतं, पण ब्रेकसाठी निम्म्याहूनही कमी उरतं. ओल्या डांबरावर हीच पकड 50 च्या आसपास येते, शेवाळावर त्याहून बरीच कमी. तिथे 40 ने नुसतं वळायलाच पकड पुरत नाही, ब्रेक मारायचा तर प्रश्नच नाही. आता 30 चा हिशोब बघा. तेच वळण 35 टक्क्यांत निघतं. ओल्यातही ब्रेकसाठी भरपूर पकड शिल्लक राहते, अचानक म्हैस आडवी आली तरी. सगळा फरक त्या 10 च्या वेगाचा आहे, आणि तो वेग सरळ रस्त्यावर कमी करायला दोन सेकंदही लागत नाहीत.

दुसरी गोष्ट वजनाची. ब्रेक मारला की वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं हलकं होतं. उतारावर ते आधीच पुढे झुकलेलं असतं. हलकं झालेलं मागचं चाक जोराच्या ब्रेकने लगेच लॉक होतं, आणि लॉक झालेलं चाक फिरत नसल्याने दिशा धरत नाही, वळणाच्या बाहेर सरकतं. पुढचं चाक झुकलेल्या गाडीवर लॉक झालं तर सावरायला वेळच मिळत नाही, गाडी खालून निघून जाते. आणि चाकं लॉक झाली नाहीत तरी झुकलेल्या बाइकवर पुढचा ब्रेक लावला की ती सरळ उभी राहायला बघते आणि वळण सोडून बाहेर जाते. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डाव्या वळणावर 'बाहेर' म्हणजे समोरून येणाऱ्याची बाजू, आणि उजव्या वळणावर 'बाहेर' म्हणजे साइडपट्टी, गटार किंवा दरी.

एबीएस आहे म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांसाठी एक खुलासा. आपल्याकडे 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या बाइकना एबीएस सक्तीचं झालं, 125 पर्यंतच्यांना तेव्हा सीबीएस चालत होतं. सीबीएस म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो, चाक लॉक होणं ते थांबवत नाही. ओंकारची गाडी तशी. माझ्या गाडीला एबीएस आहे, पण फक्त पुढच्या चाकाला. मागचं माझंही लॉक होऊ शकतं. आणि एबीएस चाक लॉक होऊ देत नाही एवढंच, ओल्या डांबरातून जास्तीची पकड काढून देत नाही. कारमध्येही तेच. एबीएसमुळे ब्रेक दाबूनही स्टिअरिंग काम करतं हा मोठा फायदा, पण वेग फारच जास्त असेल तर कारही सरळ पुढे सरकत जाते.

मग त्याच वळणावर परत गेलो. वरच्या रुंद जागेपर्यंत गाड्या नेल्या, मी आधी चालत खाली जाऊन समोरून कोणी येत नाही हे बघून हात दाखवायचा आणि ओंकारने उतरायचं, असं तीनदा केलं. करायचं काय होतं ते सांगते.

वळण दिसलं की गाडी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक, पुढचा जास्त, पण झटका न देता दाबत न्यायचे. गिअरही तिथेच पाडायचा, चौथ्यावरून तिसरा, गरज असेल तर दुसरा, आणि क्लच हळू सोडायचा. हे मुद्दाम सांगते, कारण वळणात गिअर पाडून क्लच एकदम सोडला तर इंजिनच मागच्या चाकाला धरून ठेवतं आणि ब्रेक न मारताही ते घसरतं. गाडी झुकवायच्या आधी ब्रेक पूर्ण सोडलेला असावा. वळणात बोट ब्रेकवर असलं तरी दाब नको. अ‍ॅक्सिलरेटर किंचित उघडा, म्हणजे इंजिनचा झटका बसत नाही आणि दोन्ही चाकांवर वजन सारखं राहतं. नजर पुढच्या चाकासमोर नव्हे, वळण संपतं तिकडे.

पहिल्या वेळी ओंकारने ब्रेक सोडायला उशीर केला, दुसऱ्या वेळी उगाच 20 वर आणला, तिसऱ्या वेळी जमलं. त्याला कळलेली खूण मला आवडली. ब्रेक सोडला तेव्हा "आता थोडं हळूच झालंय" असं वाटलं तर वेग बरोबर आहे. वळणात शिरल्यावर पोटात गोळा आला तर उशीर झालेला आहे.

वेग किती ठेवायचा हे न दिसणाऱ्या वळणावर कसं ठरवायचं? रस्त्याच्या दोन्ही कडा पुढे जिथे एकमेकींना भेटल्यासारख्या दिसतात तो बिंदू बघा. तुम्ही पुढे जाताय आणि तोही पुढे सरकतोय, म्हणजे वळण उघडतंय. तो जागीच राहून तुमच्याकडे येतोय असं वाटलं तर वळण आवळत चाललंय, ब्रेक आत्ताच, सरळ असताना. आणि जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. 40 वर ओल्या रस्त्यावर, विचाराचा एक सेकंद धरून, थांबायला साधारण 25 मीटर लागतात, 30 वर 15 ते 16. उतारावर दोन्हींत थोडी भर घाला. आंबेनळीच्या कित्येक वळणांवर 25 मीटर दिसतच नाही.

तरीही चूक झालीच, वेग जास्त असताना आत शिरलात, तर? ब्रेकवर झडप घालू नका. अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडा, वळणाच्या शेवटाकडे बघा आणि गाडी अजून थोडी झुकवा. कोरड्या रस्त्यावर बाइक बहुधा आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त झुकते. समोर मोकळी जागा असेल तर गाडी सरळ करा, सरळ असतानाच जोरात ब्रेक मारा, वेग उतरला की सोडून पुन्हा वळवा. कारमध्ये एबीएस असेल तर ब्रेक दाबून ठेवा आणि स्टिअरिंग वळवत राहा, पंप करू नका.

जाणाऱ्यांसाठी घाटाच्या काही गोष्टी. पावसाळ्यात इथे दरडी येतात, रस्ता बंद असतो, निघण्याआधी वाड्यात किंवा पोलादपुरात चौकशी करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डोंगराच्या बाजूचे झरे वाहत असतात, म्हणून डोंगर आतल्या बाजूला असलेलं प्रत्येक वळण ओलं आहे असंच धरून चला. एसटी हेअरपिनवर पूर्ण रस्ता घेते, तिला दुसरा इलाजच नसतो. हॉर्न ऐकू आला तर वळणाआधी थांबून वाट द्या. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हा नियमच आहे. न्यूट्रलवर उतरू नका. कारवाल्यांनो, ब्रेक सतत दाबून ठेवत आलात तर करपल्यासारखा वास येतो, पॅडल मऊ लागतं. तसं झालं की जागा बघून गाडी लावा आणि ब्रेक स्वतःहून थंड होऊ द्या, वरून पाणी ओतू नका.

दुसऱ्या दिवशी त्याच घाटाने वर आलो. सकाळी आठला निघालो तेव्हा त्या वळणावर ऊन पोचलं नव्हतं, आणि पाण्याचा पट्टा आदल्या दुपारपेक्षा दुप्पट रुंद होता.